गळकी बरणी आणि व्हेरिएबल सेपरेबल: हा तास घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी बीएस्सीला गणित शिकवतो. डिफरन्शियल इक्वेशनचा पहिला तास मी बरीच वर्षं गळक्या भांड्यापासून सुरू करतो. आजूबाजूच्या कॉलेजांतले सहकारी फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. घाई असेल तर खुणांचा प्रश्न आणि 'टप्पे सारखे आलेच नाहीत' हे दोन आधी वाचा.

या तासात नेमकं काय साधायचं आहे?

एकच गोष्ट. `dh/dt = -k√h` हे समीकरण मुलांनी सोडवण्याआधी त्याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलेलं असावं. नेहमी आपण उलटं करतो. आधी "`dy` इकडे, `dx` तिकडे" शिकवतो, वीस गणितं घेतो आणि शेवटी पुस्तकातली टाकी येते. तोवर पोरांच्या लेखी टाकी म्हणजे एकविसावं गणित.

बादलीच का नाही? टेबलावर बरणी कशाला?

सुरुवात बादलीनेच करतो. विहिरीवरची असो की बाथरूममधली, तळाला भोक पडलेली बादली प्रत्येकाने पाहिलेली असते. मी विचारतो, "भरलेली असताना धार जोरात, रिकामी होत आली की?" मागच्या बाकावरून उत्तर येतं, "हळू पडी ऱ्हायनं, सर." झालं, निम्मा तास तिथेच वसूल होतो. वेग उंचीवर अवलंबून आहे हे पोरांनीच सांगितलं.

मोजायला मात्र बादली गैरसोयीची. ती वर रुंद आणि खाली निमुळती असते, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ उंचीबरोबर बदलतं आणि समीकरणात आणखी एक गुंता शिरतो. तो गुंता पुढच्या तासासाठी ठेवा. पहिल्या तासाला सरळ भिंतीची पारदर्शक बरणी घ्या. माझी बरणी आतून १२ सेंटिमीटर व्यासाची आणि जवळपास ३० सेंटिमीटर उंच आहे. तळापासून २ सेंटिमीटरवर बाजूला ४ मिलिमीटरचं भोक आहे. भोक ड्रिल मशीनने पाडलं आहे आणि कडेचा प्लास्टिकचा चुरा ब्लेडने साफ केला आहे. पहिल्या वर्षी मी तापवलेला खिळा वापरला होता. त्याने भोकाला आतून ओठासारखी कड आली आणि धार तिरकी, पिळलेली पडू लागली. तो खटाटोप करू नका. गावात ड्रिपचं काम करणारा कोणीही दोन मिनिटांत नीट भोक पाडून देतो.

खुणा २५, १६, ९, ४ आणि १ अशाच का? दर पाच सेंटिमीटरवर का नाहीत?

सगळ्या तासाचा जीव या खुणांत आहे.

दर पाच सेंटिमीटरवर खुणा केल्या तर वेळा येतात, त्यांचा आलेख काढावा लागतो, आलेख वाकडा दिसतो, आणि तो नेमका कोणत्या प्रकारचा वाकडा आहे ते वर्गातल्या कोणालाच नुसत्या नजरेने सांगता येत नाही. पण खुणा वर्गसंख्यांवर केल्या की प्रश्न एकदम धारदार होतो. २५ ते १६ हे ९ सेंटिमीटर, १६ ते ९ हे ७, ९ ते ४ हे ५, ४ ते १ हे फक्त ३. पाणी सोडण्याआधी विचारा: या चार टप्प्यांना लागणाऱ्या वेळा कशा असतील?

वर्गात तीन पक्ष पडतात. काही म्हणतात, वेळ अंतराच्या प्रमाणात, म्हणजे ९:७:५:३. काही हुशार पोरं म्हणतात, खाली वेग कमी होतो, म्हणून शेवटच्या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ. "सारखाच वेळ लागेल" म्हणणारा एखादाच निघतो, आणि तोही बहुतेक वेळा चेष्टेत. तिन्ही अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका.

खुणा भोकाच्या मध्यापासून मोजायच्या, बरणीच्या तळापासून नाही. हे वाक्य मी जाड अक्षरात लिहायला हवं होतं. कारण पुढे येतं.

साठ मिनिटं कशी वाटून घेता?

बादलीवरच्या गप्पा आणि अंदाज यांना दहा मिनिटं. मोजणीला प्रत्येक खेपेला पाचेक मिनिटं, आणि खेपा दोन. पहिली खेप सरावाची असते, तिचे आकडे टाकून द्यायचे. त्यानंतर फळा. समीकरण मांडणं, सोडवणं आणि आकड्यांशी ताडून पाहणं याला अर्धा तास सहज जातो. उरलेली दहा मिनिटं पाणी पुसण्यात आणि हजेरीत जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

भोकावर बोट ठेवायला एक जण लागतो. तीन जण वेगवेगळ्या मोबाइलवर स्टॉपवॉच धरून बसतात आणि प्रत्येक खुणेला 'लॅप' दाबतात. एकाने डोळा पाण्याच्या पातळीला समांतर ठेवून "आता" म्हणायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. पाणी खुणेच्या थोडं वर भरा, म्हणजे बोट काढताना होणारा हिसका २५ च्या खुणेआधीच निघून जातो. झाकण लावू नका. लावलं तर हवा आत जायला वाव मिळत नाही आणि धार बुडबुड करत अडखळते.

तुमचे आकडे कसे आले?

एका खेपेत तीन घड्याळांची सरासरी अशी आली:

```
खूण (सेमी)   √h    वेळ (से.)   टप्प्याला (से.)
25          5     0          -
16          4     65         65
9           3     131        66
4           2     197        66
1           1     266        69
```

शेवटचा स्तंभ लिहिला की वर्ग थोडा वेळ शांत होतो. ९ सेंटिमीटरला ६५ सेकंद आणि ५ सेंटिमीटरला ६६? मग मी मधला `√h` चा स्तंभ लिहितो. तो मी मुद्दाम शेवटी लिहितो, तक्त्यात आधी दिसत असला तरी. ५, ४, ३, २, १. म्हणजे उंची सारख्या वेळात सारखी कमी होत नाही, उंचीचं वर्गमूळ होतं. आजचं उत्तर हे, आणि अजून एकही इंटिग्रल लिहिलेला नाही.

मग समीकरण कुठून आणायचं? टॉरिचेल्ली सांगायचा का?

सांगा, पण थोडक्यात. इटलीच्या टॉरिचेल्लीचा हा नियम १६४४ मध्ये छापून आला. भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग `√(2gh)`, म्हणजे तेवढ्या उंचीवरून सोडलेल्या दगडाचा जमिनीवर पोचतानाचा वेग. फिजिक्सची पोरं हे आधीच शिकलेली असतात. बरणीच्या क्षेत्रफळाला `A` आणि भोकाच्या क्षेत्रफळाला `a` म्हटलं, की जितकं पाणी बाहेर गेलं तितकीच पातळी उतरली एवढाच हिशेब उरतो:

```
A dh/dt = -a √(2gh)
dh/dt = -k √h ,   k = (a/A) √(2g)
```

यातला उणे कशासाठी हे विचारायला विसरू नका. दरवर्षी चार-पाच जण तो गाळतात आणि त्यांची बरणी भरत जाते.

"`dt` ने गुणलं" असं म्हटलं तर चालतं का? `dh/dt` हा भागाकार नाही ना?

नाही, आणि वर्गात कोणीतरी हे विचारलं तर त्याची पाठ थोपटा. मी हा भाग असा करतो. दोन्ही बाजूंना `√h` ने भागायचं:

```
(1/√h) dh/dt = -k
```

डावी बाजू ओळखीची आहे का? चेन रूलने `2√h` चं `t` च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढलं तर हेच येतं. म्हणजे समीकरण म्हणतं आहे की `2√h` चा बदलाचा दर कायम `-k` आहे. आपण तक्त्यात पाहिलं तेच.

```
2√h = 2√h0 - k t
```

आता "`dh` इकडे, `dt` तिकडे" ही पद्धत सांगा. ती चेन रूलचीच लघुलिपी आहे हे पोरांना आत्ता दिसलेलं असतं. व्हेरिएबल सेपरेबलचं मर्म एवढंच, की उजवीकडच्या पदाचे दोन गुणक पाडता येतात, एकात फक्त `h` आणि दुसऱ्यात फक्त `t`. इथे `t` चा गुणक नुसता स्थिरांक आहे. बरणीत वरून नळ चालू ठेवला तर काय होईल? `dh/dt = r - k√h`. हेही सेपरेबलच. पण नळाची धार वेळेनुसार बदलत असेल तर `r(t) - k√h` चे गुणक पडत नाहीत आणि पद्धत तिथेच थांबते. हे उदाहरण द्याच. कुठलंही समीकरण आलं की भिंत बांधून दोन्हीकडे इंटिग्रेट करायची सवय त्याने मोडते.

`k` हिशेबाने काढला तर मोजलेल्याशी जुळत नाही. चूक कुठे?

चूक नाही, भोकाचा स्वभाव आहे. भोक ४ मिलिमीटर, बरणी १२० मिलिमीटर, व्यासांचं गुणोत्तर १/३०, म्हणून `a/A = 1/900`. `g = 980` धरला तर `√(2g)` सुमारे ४४.३, आणि `k` येतो ०.०४९. त्या हिशेबाने प्रत्येक टप्पा `2/k`, म्हणजे ४१ सेकंदांत संपायला हवा. आपल्याला ६६ लागले. पहिल्या तीन टप्प्यांवरून `k` काढला तर ०.०३०५ येतो. दोघांचं गुणोत्तर ०.६२.

भोकाकडे चहूबाजूंनी धावणारं पाणी काटकोनात वळून सरळ बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे भोकाच्या थोडं पुढे धार आवळली जाते. नीट पाहिलं तर ती भोकापेक्षा बारीक झालेली दिसते. पातळ भिंतीतल्या, धारदार कडेच्या भोकासाठी हा गुणांक साधारण ०.६१ ते ०.६२ असतो हे इंजिनिअरिंगच्या पोरांना तोंडपाठ असतं. भिंत जाड असेल किंवा भोकाला नळीचा तुकडा जोडला असेल तर तो वाढतो, ०.८ पर्यंतही जातो. महत्त्वाचं हे, की गुणांकाने फक्त `k` बदलतो, `√h` तसाच राहतो. टप्पे ४१ चे ६६ होतात, पण एकमेकांना सारखेच राहतात. काय हिशेबाने कळतं आणि काय मोजावंच लागतं, हा फरक पोरांना इथे कळला तर पुष्कळ झालं.

आमच्याकडे टप्पे सारखे आलेच नाहीत. ६९, ७२, ८१ असे आले आणि शेवटच्या खुणेपर्यंत पाणी पोचलंच नाही.

तुम्ही पट्टी बरणीच्या तळापासून लावली. हे मी फोनवरूनच सांगू शकतो, कारण माझंही एका वर्षी हेच झालं होतं. भोक तळापासून २ सेंटिमीटर वर आहे, म्हणजे तुमची २५ ची खूण खरं तर २३ आहे, १६ ची १४, ९ ची ७ आणि ४ ची २. वर्गमुळं घ्या: ४.८०, ३.७४, २.६५, १.४१. त्यांच्यातले फरक १.०५, १.१०, १.२३. प्रत्येकाला ६५.७ ने गुणलं की तुमचेच आकडे येतात. आणि १ ची खूण तर भोकाच्याही खाली आहे, तिथे पाणी कसं उतरणार?

हे चुकलेले आकडे टाकू नका. पुढच्या तासाला फळ्यावर लिहा आणि भोक किती उंचीवर होतं ते वर्गाला शोधायला लावा. मला तर वाटतं, बरोबर आलेल्या मोजणीपेक्षा या चुकीतून पोरं जास्त शिकतात.

सगळेच टप्पे एकसारखे, पण दोन खेपांत वेगवेगळे आले, तर भोकात कचरा अडकला आहे. टाकीचं पाणी असेल तर आधी फडक्यातून गाळून घ्या.

शेवटचा टप्पा नेहमी थोडा जास्त का येतो? ६९ का?

पृष्ठताण म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. तो काही प्रमाणात खराही आहे. पाणी भोकाच्या पातळीजवळ आलं की धार तुटते, बरणीच्या अंगाला चिकटून ओघळते, आणि मग थेंब. पण आधी पट्टी वाचण्यातली चूक पाहा. २५ च्या खुणेजवळ पातळी एका मिलिमीटरला साधारण दोन तृतीयांश सेकंद घेते. १ च्या खुणेजवळ तीच एका मिलिमीटरला तीन सेकंदांहून जास्त घेते. म्हणजे वर एक मिलिमीटर चुकला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, खाली तोच मिलिमीटर ६६ चे ६९ करतो. आमच्या जादा तीन सेकंदांचं कारण या दोघांपैकी कोणतं, ते एका खेपेवरून ठरत नाही. दहा खेपा केल्यात आणि दरवेळी जादाच आले तर पृष्ठताणाला दोष द्या.

पोरं सरळ `e^(-kt)` लिहून मोकळी होतात. त्यांना कसं पटवायचं?

वेग उंचीवर अवलंबून आहे म्हणजे उंचीच्या प्रमाणात आहे, अशी उडी ती मारतात. रेडिओॲक्टिव्ह क्षय डोक्यात बसलेला असतो. त्यांना तक्त्यातल्या दोन वेळा पाहायला सांगा. १६ ते ४ म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा उरला, आणि ४ ते १ म्हणजे पुन्हा चौथा हिस्सा. एक्स्पोनेन्शिअल असतं तर दोन्हीला सारखाच वेळ लागला असता. आमचे आकडे १३२ आणि ६९. जवळपास दुप्पट. वाद मिटतो.

तरी त्यांचं म्हणणं अगदीच फुकट नाही. भोकाऐवजी लांब, अतिशय बारीक नळी जोडली तर पाणी नळीच्या भिंतींशी घासत संथ वाहतं, वेग दाबाच्या सरळ प्रमाणात राहतो आणि `dh/dt = -kh` खरोखरच मिळतं. मात्र तिथे पाण्याच्या चिकटपणाला महत्त्व येतं. २० अंशांच्या पाण्यापेक्षा ४० अंशांचं पाणी सुमारे एक तृतीयांश कमी चिकट असतं. गच्चीवरच्या टाकीतलं आपलं एप्रिलचं पाणी आणि डिसेंबरच्या सकाळचं पाणी, दोघांचे `k` वेगळे येतील. साध्या भोकाला हा फरक जवळपास जाणवत नाही.

शेतकऱ्यांच्या घरची पोरं वर्गात असतात, तेव्हा मी ड्रिप काढतो. साध्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या आसपास चालतो. म्हणून लाइनच्या टोकाला दाब निम्मा झाला तरी पाणी निम्मं होत नाही, सुमारे सत्तर टक्के मिळतं. दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे महागडे ड्रीपर हा घातांक शून्याजवळ आणतात. केळीच्या बागेत पाय ठेवलेल्या पोराला `h^(1/2)`, `h^1` आणि `h^0` यांतला फरक समजवावा लागत नाही.

`h = 0` चं काय? आणि ३२८ सेकंदांनंतर सूत्र काय सांगतं?

सूत्र सांगतं, बरणी आपोआप भरू लागते! `h = (√h0 - kt/2)²` हा पॅराबोला आहे, ३२८ सेकंदांना तळाला टेकतो आणि पुन्हा वर चढतो. पोरांना ही गंमत स्वतः शोधू द्या, `t = 656` घालून पाहायला सांगा. उत्तर पुन्हा २५. गफलत कुठे? `2√h = 2√h0 - kt` मध्ये डावी बाजू ऋण होऊ शकत नाही, वर्ग करताना ही अट हरवली.

दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे `√h` ने भागताना `h = 0` हे उत्तर आपण गुपचूप टाकून दिलं. रिकामी बरणी रिकामीच राहते, हेही समीकरणाचं उत्तर आहे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला इथे थांबवून विचारा: मी तुम्हाला आत्ता रिकामी बरणी दाखवली, तर ती कधी रिकामी झाली ते सांगता येईल का? दहा मिनिटांपूर्वी की काल? नाही सांगता येणार. `h = 0` मधून मागे जाणारी उत्तरं असंख्य आहेत. युनिकनेस थिअरम इथे लागू पडत नाही, कारण `√h` चा उतार शून्यापाशी अनंत होतो. लिप्शिट्झची अट पुस्तकात कशाला असते, याचं याहून ओलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दुसऱ्या तासाला खरी बादली घेतली तर?

घ्या, मजा आहे. भोक तळाजवळ पाडा आणि उंची त्याच्यापासूनच मोजा. त्रिज्या तिथे १० सेंटिमीटर आणि २५ सेंटिमीटर वर १४ अशी बादली धरू. त्रिज्या `10 + 0.16h` झाली. समीकरण:

```
(10 + 0.16h)² dh/dt = -c √h
```

उजवी-डावी वेगळी होते, म्हणजे पद्धत तीच. डावीकडे `(10 + 0.16h)²/√h` चं इंटिग्रल. वर्ग उलगडला की तीन सोपी पदं मिळतात:

```
200 h^(1/2) + 2.133 h^(3/2) + 0.0102 h^(5/2)
```

यात वर्गसंख्या घालणं सोपं आहे. १२९९, ९४७, ६६०, ४१७, २०२. टप्प्यांचे फरक ३५२, २८७, २४३, २१५. शेवटच्या टप्प्याला १०० सेकंद लागले तर पहिल्याला १६३ लागतील. म्हणजे सारखेपणा बादलीत टिकत नाही, आणि किती बिघडेल हे पाणी सोडण्याआधीच सांगता येतं. वर्गाने आधी अंदाज कागदावर लिहायचे, मग बोट काढायचं.

लग्नातलं घटिकापात्र याच समीकरणावर चालतं का?

हा प्रश्न एका मुलीने विचारला होता आणि मला घरी जाऊन विचार करावा लागला. घंगाळात तरंगणाऱ्या, तळाला भोक असलेल्या वाटीत पाणी आत येतं. ती २४ मिनिटांत बुडते ती एक घटिका. वाटी सरळ भिंतीची आणि पातळ पत्र्याची मानली, तर तिला तरंगत ठेवायला बाहेरची आणि आतली पातळी यांत ठरावीक अंतर लागतं, आणि ते वाटीच्या वजनावर ठरतं. आत पाणी आलं की वाटी तेवढीच खाली जाते, अंतर तसंच राहतं. अंतर कायम म्हणजे वेग कायम. `dh/dt` नुसता स्थिरांक! वर्गमूळ आहे, पण स्थिर संख्येचं.

एवढं पाणी वाया घालवायचं?

एका खेपेला तीन लिटर, तेही खाली तसराळ्यात जमा होतं. दोन्ही खेपांना तेच वापरायचं. मार्चनंतर आमच्याकडे टँकर सुरू झाला की पोरं स्वतःच हिशेब विचारतात, म्हणून मी हा तास जानेवारीत उरकतो. नंतर ते पाणी कॉलेजच्या कडुनिंबाला जातं.